पारड्यांची लकाकी, दांडीचा तोल

सांगलीच्या गणपती पेठेत हळद, गूळ आणि किराणा यांचा व्यापार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. तिथल्या एका जुन्या किराणा दुकानाच्या माळ्यावर एक पितळी तराजू गोणपाटात गुंडाळून पडला होता. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले, पेठेत शिरले, आणि इतर मालासोबत हा तराजूही चिखलात बुडाला. पाणी ओसरल्यावर दुकानात हजार कामे होती. तराजू कसाबसा विसळून माळ्यावर गेला आणि तिथेच राहिला. विक्रीसाठी इलेक्ट्रॉनिक काटा होताच, त्यामुळे कुणाचे अडले नाही.

दुकानाचे मालक साठीच्या पुढचे. पेठेत त्यांना सगळे अण्णा म्हणतात. तराजू त्यांच्या वडिलांनी घेतलेला. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर वही, केरसुणी आणि तिजोरीच्या किल्ल्या यांच्या शेजारी पूर्वी हा तराजू असायचा. पुरानंतर त्याच्या जागी प्लास्टिकच्या काट्याला हळद-कुंकू लागू लागले. यंदा नवरात्र संपताच अण्णांनी ठरवले, की दिवाळीला वडिलांचाच तराजू पुजायचा, आणि तो काळाकुट्ट नव्हे तर लखलखीत पुजायचा. वसुबारसेपर्यंत हाताशी दोन-अडीच आठवडे होते.

तराजू उजळण्याचे काम घागर किंवा समई उजळण्यासारखे नाही. घागरीवरून आपण मळ काढतो तेव्हा तिचे वजन किती घटले याची कुणाला फिकीर नसते. तराजूच्या पारड्यावरून जे काही निघते ते वजनातून निघते, आणि दोन्ही पारड्यांवरून ते सारखेच निघेल याची खात्री नसते. त्यामुळे चमक आणावी तर तोल जाण्याची भीती, आणि तोलाला जपून हात लावू नये तर काळेपणा तसाच राहतो. अण्णांचे सगळे काम या दोन टोकांच्या मधून चालले होते.

गोणपाट सोडल्यावर पहिला दिवस त्यांनी फक्त बघण्यात घालवला. काळवंडलेल्या पितळेचे रंग वाचता येतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात साधारण ६० ते ७० टक्के तांबे असते. हवेतला प्राणवायू, ओल आणि गंधकाचा अंश यांच्याशी तांब्याचा संयोग होऊन तपकिरी-काळा पातळ थर बसतो. हा थर नुसता दिसायला वाईट असतो. तो खालच्या धातूला काही प्रमाणात सांभाळतोसुद्धा. हिरवट थर मात्र वेगळा. ओल, मीठ आणि आंबटपणा धातूशी फार काळ चिकटून राहिला की तांब्याचे हिरवे क्षार तयार होतात, आणि ते जिथे बसतात तिथे धातू खात जातात. अण्णांच्या तराजूवर दोन्ही होते. दांडी सगळीकडून सारखी काळी पडली होती, तर पारड्यांच्या तळाशी, जिथे ओले गोणपाट टेकून राहिले होते, तिथे हिरव्या ठिपक्यांची दाटी होती. डाव्या पारड्यावर मात्र तळव्याएवढा भाग गुलाबी दिसत होता. तो अण्णांना सगळ्यात जास्त खुपला. त्याच्याकडे पुढे येऊ.

त्यांनी तराजूला लोहचुंबक लावून पाहिले. पितळेला चुंबक चिकटत नाही. पारडे चुंबक ओढू लागले तर ते पितळी मुलामा दिलेले लोखंड आहे असे समजावे. मग ते घासायचे नाही, कारण मुलामा निघून गेला की परत आणता येत नाही. अण्णांची पारडी, साखळ्या आणि दांडी अस्सल पितळी निघाली. चुंबक फक्त तीन ठिकाणी चिकटला, दांडीच्या मधोमध आणि दोन्ही टोकांना. तिथे पोलादाचे सुरीसारख्या धारेचे तिकोनी तुकडे बसवलेले असतात. मधल्या धारेवर दांडी झुलते, टोकांच्या धारांवर पारड्यांच्या कड्या टेकतात. तराजूचा जीव या तीन धारांत असतो. त्यांना आंबट पाणी लागले तर त्या गंजतात, म्हणून दांडी आणि पारडी वेगवेगळ्या रीतीने साफ करायची हे तिथेच ठरले.

तराजू सुटा करताना अण्णांनी डाव्या बाजूच्या प्रत्येक भागाला लाल दोरा बांधला. डावे पारडे, त्याच्या तिन्ही साखळ्या, वरची कडी, सगळ्यांना. दोन्ही बाजूंचे भाग दिसायला जुळे असले तरी वजनाला जुळे नसतात. कारागीर शेवटी तोल जुळवतो तो त्या-त्या बाजूच्या भागांनिशी. साखळीची अदलाबदल झाली तरी काटा सरकतो.

इथेच एक घोटाळा होता होता राहिला. डाव्या पारड्याच्या बुडाला, मधोमध, बोराएवढा राखाडी गोळा चिकटलेला होता. दुकानातला पोऱ्या तो चिखलाचा समजून स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायला गेला. अण्णांनी त्याचा हात धरला.

"थांब रे. तो मळ न्हाई, पासंग हाय. तो काढलास तर तराजू कामातनं गेला."

पासंग म्हणजे हलक्या बाजूला मुद्दाम दिलेले वजन. इथे ते शिशाचे होते आणि पारड्याला डाग देऊन पक्के केलेले होते. जुने तराजू साफ करताना हे गोळे काढून टाकल्याची उदाहरणे पेठेत कमी नाहीत. दिसायला पारडे स्वच्छ होते आणि तराजू कायमचा खोटा होतो.

अण्णांच्या मुलाने सोपा मार्ग सुचवला. बफिंगवाल्याकडे द्यायचा. फिरत्या चाकावर कापड आणि पॉलिशचा साबण, दहा मिनिटांत आरसा. अण्णांनी नकार दिला आणि कारणही सांगितले. ते कारण आकड्यांत मांडले की पटकन कळते. पारड्याचा व्यास २५ सेंटिमीटर. आतली आणि बाहेरची बाजू धरून पृष्ठभाग साधारण ९८० चौरस सेंटिमीटर भरतो. एवढ्या पृष्ठभागावरून पितळेचा फक्त एक मायक्रॉन जाडीचा थर काढला, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ, तरी सुमारे ०.८ ग्रॅम वजन घटते. बफिंगचे चाक ठिपके जाईपर्यंत दाबून धरले तर कित्येक मायक्रॉन सहज उतरतात. ज्या पारड्यावर डाग जास्त, त्यावर चाकही जास्त चालणार. दोन पारड्यांत तीन-चार ग्रॅमचा फरक पडायला एवढे पुरेसे आहे.

तीन-चार ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पाच किलो गव्हाला ते खरोखर नगण्य आहेत. पण पारड्यांच्या वजनातला फरक प्रत्येक तोलाला तेवढाच लागतो, माल थोडा असो की फार. ५० ग्रॅम वेलदोडे तोलताना चार ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर तो आठ टक्क्यांचा फटका आहे, कधी गिऱ्हाइकाला, कधी दुकानदाराला. लहान तोलात खोट मोठी होते, आणि किराणा दुकानातला महाग माल लहान तोलातच जातो.

म्हणून घरची जुनी रीत. तिच्यातली प्रत्येक वस्तू एकेका कामाला येते आणि तिचा क्रम चुकवायचा नसतो. पुष्कळांचे चुकते ते पहिल्याच पायरीला. काळे पितळ दिसले की लोक थेट चिंच चोळतात. किराणा दुकानातल्या तराजूवर मात्र तेल, हळद, गूळ, हाताचा घाम यांचा चिकट लेप असतो आणि त्या लेपातून आंबट आत शिरत नाही. मग काही ठिकाणी धातू उजळतो, काही ठिकाणी नाही, आणि माणूस जोर लावून घासू लागतो. अण्णांच्या घरच्यांनी पारडी आणि साखळ्या आधी कोमट पाण्यात रिठा घालून भिजवल्या आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने साखळीची एकेक कडी धुतली. पाणी दोनदा बदलावे लागले. पुराचा बारीक गाळ साखळ्यांतून बराच निघाला.

हिरव्या ठिपक्यांना नंतर हात घातला. ते ओले करून बांबूच्या चपट्या काडीने अलगद उचकटायचे. सुरी, पत्रा किंवा तारेची घासणी यांनी पितळेवर ओरखडे उठतात आणि पुढे ओल त्याच ओरखड्यांत बसते. कोरडे खरवडू नये, कारण ती हिरवी भुकटी नाकातोंडात जाणे चांगले नाही. ठिपके निघाल्यावर खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले. ते तसेच ठेवायचे. खड्डा बुजेपर्यंत घासणे म्हणजे आजूबाजूचा चांगला धातू खड्ड्याच्या पातळीला आणणे.

मग चिंच. लिंबाएवढा गोळा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून त्याचा कोळ काढला आणि त्यात चमचाभर मीठ घातले. चिंचेत टार्टारिक आम्ल असते. काळा थर मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडचा, तो या आम्लात विरघळतो. मीठ ती क्रिया जलद करते. कोकणात हेच काम आमसुलाच्या पाण्याने होते आणि देवघरात लिंबाच्या सालीने. आम्ल वेगळे, काम एकच. यात जोर लागत नाही, हीच या रीतीची खुबी आहे. गाळणे मारण्यापेक्षा विरघळवणे इथे सोयीचे, कारण आम्ल आधी काळा थर खाते आणि वेळेत थांबवले तर खालच्या धातूला फारसे लागत नाही.

वेळेत थांबवले तर, हे महत्त्वाचे. कोळ लावून दोन-तीन मिनिटे थांबायचे, मऊ सुती फडक्याने गोल फिरवत पुसायचे, धुवायचे आणि उजेडात रंग बघायचा. राहिले असेल तर पुन्हा तेवढाच वेळ. अण्णांची सून पारडे हातात घेऊन दर वेळी दाराशी जायची. घरातल्या दिव्याखाली पिवळे आणि गुलाबी यांतला फरक कळत नाही.

तो गुलाबी डाग याच चुकीचा होता. पुराआधी कधीतरी कुणीतरी डावे पारडे चिंचेच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले असावे. पितळेतले जस्त तांब्यापेक्षा लवकर विरघळते. आम्लात पितळ फार वेळ राहिले की वरच्या थरातले जस्त निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, लालसर थर उरतो. पिवळेपणा जाऊन तांबूस झाक आली की समजावे, आम्लाने मळ संपवून धातूला हात घातला आहे. वरवरचा थर असेल तर बारीक भुकटीने थोडे घासल्यावर पिवळे पितळ पुन्हा दिसते. खोलवर गेला असेल तर तो भाग ठिसूळ होतो. तपासण्याची साधी रीत म्हणजे नखाने टिचकी मारणे. निरोगी पितळ खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द वाजते. अण्णांच्या पारड्याचा आवाज खणखणीत होता. राखेने हलके घासल्यावर गुलाबी डाग बराचसा पिवळा झाला आणि कडेला एक बारीक तांबूस रेघ राहिली. ती त्यांनी राहू दिली. घासत बसले असते तर डावे पारडे आणखी हलके झाले असते.

तांबूस रंग येण्याचे आणखी एक कारण असते आणि ते कळायला लागायचे नाही. एकदा वापरलेल्या चिंचेच्या पाण्यात तांबे विरघळलेले असते. त्यात लोखंडी तारेची घासणी पडली, की ते तांबे पुन्हा बाहेर येऊन घासणीवर आणि तिला टेकलेल्या पितळेवर चढते. माणूस घासत राहतो आणि पितळ आणखी लाल होत जाते. म्हणून कोळ दर वेळी ताजा घ्यावा आणि लोखंड त्याच्या आसपास येऊ देऊ नये. अण्णांच्या घरात घासणीला नारळाची शेंडी होती. साखळ्यांना तीच वापरली.

आंबट पूर्ण निघाले नाही तर महिन्याभरात तेच हिरवे ठिपके परत येतात, तेही साखळीच्या भोकांत आणि पारड्याच्या कडेत, जिथे फडके पोचत नाही. म्हणून शेवटच्या धुण्यात लिटरभर पाण्याला चमचाभर खाण्याचा सोडा घातला. तो उरलेले आम्ल मारतो. मग साधे पाणी, मग लगेच कोरडे फडके, मग ऊन. ऑक्टोबरचे सांगलीचे ऊन या कामाला उत्तम. पाणी आपोआप वाळू दिले असते तर थेंबांचे डाग राहिले असते.

चमकेसाठी अण्णांच्या आईच्या काळापासून चालत आलेली वस्तू होती, गोवरीची राख, दोनदा तलम कापडातून गाळलेली. राखेत क्षार असतात, ते उरलासुरला तेलकटपणा उचलतात, आणि तिचा कण इतका बारीक असतो की ओरखडा डोळ्याला दिसत नाही. रांगोळी किंवा विटेची भुकटी घेऊ नये. दोन्ही भरड असतात आणि धातू जास्त खातात. कोरड्या फडक्यावर चिमूटभर राख घेऊन दोन्ही पारड्यांना सारखाच वेळ आणि सारखाच दाब द्यायचा, हा अण्णांचा दंडक. डावे पारडे सुनेने केले, उजवे मुलाने, आणि मग दोघांनी अदलाबदल करून पुन्हा केले, म्हणजे एकाच्या हाताचा जोर एकाच पारड्यावर पडू नये.

मुलाने दुकानातून एक पॉलिशची बाटलीही आणली होती. झाकण उघडताच झणझणीत वास आला. तो अमोनियाचा. काही धातू-पॉलिशमध्ये तो असतो. पितळ चकाकते, यात शंका नाही. पण ठोकून घडवलेल्या पितळेत आतला ताण शिल्लक असतो, आणि अमोनिया अशा ताणलेल्या पितळेला चिरा पाडतो. ही गोष्ट हिंदुस्थानातच उघडकीला आली. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवली जात आणि ती आपोआप तडकत. १९२१मध्ये तिचा उलगडा झाला. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, पावसाळ्याची ओल आणि धातूतला ताण या तिघांचा मेळ जमला होता. तराजूच्या पारड्यात ताण सगळ्यात जास्त कुठे, तर साखळी अडकवायच्या भोकांभोवती. अण्णांनी भिंग घेऊन तीच भोके पाहिली. एका भोकापासून कडेकडे जाणारी केसासारखी चीर होती. ती किती जुनी कोण जाणे. बाटली परत गेली.

दांडीचे काम अण्णांनी स्वतः केले. पाण्याचा थेंबही न लावता, रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आधी चिकटा काढला. मग पितळी भागावरच चिंचेचा कोळ कापडाच्या टोकाने लावला, लगेच ओल्या फडक्याने पुसला, लगेच कोरडा केला. धारांभोवती कागद गुंडाळून ठेवला होता. दांडीवर एका ठिकाणी शिशाची गोल चकती ठोकून बसवलेली होती आणि तिच्यावर शिक्के होते. तिथे त्यांनी फडके फिरवलेच नाही. तो सरकारी पडताळणीचा छाप. वर्ष आणि तिमाही त्यावरूनच कळते. शिसे मऊ असते, दोन-चार वेळा घासले की अक्षरे जातात. चकती काळी राहिली आणि दांडी उजळली. बघणाऱ्याला ते विसंगत वाटेल, पण तसेच हवे.

धारांवर आणि त्यांच्या बैठकीवर गाळ आणि गंज घट्ट बसले होते. रॉकेलचे दोन थेंब, एक रात्र, आणि मग ब्रश. नंतर त्या पूर्ण कोरड्या केल्या. तिथे तेल सोडण्याचा मोह होतो, पण तेलावर पीठ आणि धूळ बसते आणि दांडी जड झुलू लागते.

धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी तराजू जोडून खुंटीला टांगला. पारडी झगमगत होती, आणि काटा उजवीकडे कलला होता.

अण्णा गडबडले नाहीत. त्यांनी डाव्या पारड्यात तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली आणि काटा मधोमध आल्यावर थांबले. ते दाणे शेजारच्या सराफाच्या काट्यावर साडेतीन ग्रॅम भरले. आता प्रश्न असा होता, की डावे पारडे साडेतीन ग्रॅमने हलके झाले, की उजवे जड राहिले? राखेने एवढे वजन उतरणे शक्य नव्हते. अण्णांनी उजव्या पारड्याची कड बोटांनी चाचपली. पारड्याची कड आत तार घालून वळवलेली असते आणि त्या वळणात पोकळी राहते. पुराचा गाळ तिथे शिरून वाळला होता. डाव्या बाजूचा धुताना निघाला, उजव्या बाजूचा अडकला. कोमट पाण्यात ठेवून, लाकडी दांडक्याने कडेला हलके ठोकत गेल्यावर करड्या रंगाचे पाणी येऊ लागले. पारडे दोन दिवस उन्हात उलटे ठेवले. पुन्हा टांगल्यावर फरक एका ग्रॅमच्या आत आला.

रिकामा तराजू सरळ उभा राहिला म्हणजे तो खरा झाला असे नाही. दांडीचे दोन हात समान लांबीचे नसतील तर रिकामेपणी पासंगाने तोल जुळतो आणि माल चढला की खोट दिसते, तीही मालाच्या प्रमाणात वाढत जाते. हात २५ सेंटिमीटरचे असताना एक मिलिमीटरचा फरक असेल, तर किलोमागे चार ग्रॅम आणि पाच किलोला वीस ग्रॅम. दांडी पुरात वाकली असण्याची शक्यता होती, म्हणून ही परीक्षा आवश्यक. अण्णांनी एकेक किलोची दोन छापाची वजने दोन्ही पारड्यांत ठेवली आणि काटा पाहिला. मग वजनांची अदलाबदल करून पुन्हा पाहिला. अदलाबदलीनंतर काटा दुसऱ्या बाजूला गेला असता तर दोष वजनांचा. त्याच बाजूला राहिला असता तर दोष दांडीचा. काटा दोन्ही वेळा मधल्या खुणेपाशीच राहिला. दांडी शाबूत होती.

शेवटची परीक्षा संवेदनेची. किलोभर वजन चढवून दांडी दाबायची आणि सोडायची. काटा झुलत झुलत पुन्हा त्याच जागी थांबला पाहिजे. दर वेळी नव्या जागी थांबत असेल तर धार बोथट आहे किंवा बैठकीत अजून घाण आहे. धारांची घाण निघण्याआधी अण्णांचा काटा असाच भटकत होता. आता तो घरी परतत होता, आणि एका बाजूला दोन ग्रॅम टाकले की स्पष्ट हलत होता.

राहिलेल्या अर्ध्या-पाऊण ग्रॅमसाठी शिशाचा पासंग थोडा तासता आला असता. अण्णांनी तो तासला नाही. व्यापारात वापरायचा तराजू दुरुस्त करणे हे परवानाधारक दुरुस्तकाचे काम आहे, आणि दुरुस्तीनंतर वैध मापन खात्याच्या निरीक्षकाकडून पडताळणी आणि नवा छाप घेतल्याशिवाय त्यावर विक्री करता येत नाही. दांडीच्या तराजूची आणि वजनांची पडताळणी एरवीही दर २४ महिन्यांनी करून घ्यावी लागते, इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी. चकतीवरचा छाप पुराच्याही आधीचा होता. त्यामुळे हा तराजू यंदा पूजेच्या चौरंगावर जाईल, गल्ल्यावर जाणार नाही, असे त्यांनी मुलाला बजावले. भोकाची चीर डाग देऊन बंद करणे, पासंग आणि छाप, ही कामे पाडव्यानंतर.

पितळी छोटी वजनेही डब्यात होती, २० ग्रॅमपासून २०० ग्रॅमपर्यंत. सुनेने तीही उजळायला घेतली होती. अण्णांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. तराजूचा फरक पासंगाने भरून निघतो, पण वजनच झिजले तर त्याचे दर तोलाला नुकसान होते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वजने कोरड्या फडक्याने पुसायची, त्यापलीकडे काही करायचे नाही. ती काळीच पूजेला बसली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हळद-कुंकू पारड्यात न वाहता आत ठेवलेल्या विड्याच्या पानावर वाहिले, आणि पंचामृताचा चमचा तराजूपासून लांब ठेवला. दह्याचा आंबटपणा आणि ओले कुंकू ताज्या उजळलेल्या पितळेवर रात्रीत डाग पाडतात. बोटांचे ठसेही पडतात, घामातल्या मिठामुळे, म्हणून तराजू उचलताना मुलाने धोतराच्या पानाएवढे मोठे फडके हाताशी धरले होते.

तराजू पुन्हा ठेवायचा तो गोणपाटात नको. गोणपाट ओल धरते. रबरबँड लावून साखळ्या बांधू नयेत, रबरातला गंधक पितळेवर काळा पट्टा उठवतो. धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळावा, साखळ्या मोकळ्या ठेवाव्यात, आणि पारडी दांडीला लटकत ठेवू नयेत, कारण वापर नसतानाही धारांवर भार राहतो. खायच्या वस्तू ज्या पारड्यात पडतात त्यांना मेण किंवा वॉर्निश लावायचे नाही. दांडीला हवे तर मेणाचा हलका हात द्यावा, धारा सोडून. पावसाळा संपला की एकदा उलगडून उजेडात पाहावा, आणि हिरवा ठिपका दिसला तर तो नखाएवढा असतानाच ओल्या काडीने उचलून, सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडा करावा.